सरांना पाठवायच्या मेलवर काकूंची पेन्सिल

मी पुण्यात समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. तिसऱ्या सत्राचा प्रकल्प मंगळवारी, १८ नोव्हेंबरला द्यायचा होता. विषय सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका. दिवाळीत घरी गेले तेव्हा अकरा मुलाखती घेऊन आले होते आणि परत आल्यावर डेंग्यूने आठ दिवस अंथरुणात काढले. शनिवारी संध्याकाळी हिशेब केला तेव्हा सात मुलाखती उतरवून झाल्या होत्या. उरलेल्या चार तेलुगूत. मला तेलुगू कळतं ते गल्लीत खेळताना कानावर पडलेलं, त्यामुळे तासाभराच्या रेकॉर्डिंगला अख्खा दिवस जातो. मुदत वाढवून मागण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आमचे सर मराठीत शिकवतात आणि मराठीत लिहिलेला मेल त्यांना आवडतो. मी बसून हे लिहिलं:

> विषय : मुदत वाढ मिळणेबाबत
>
> आदरणीय सर,
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, माझी तब्येत अचानक खूपच बिघडल्यामुळे, तसेच घरी चुलत बहिणीचे लग्न असल्यामुळे व लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आल्यामुळे माझा प्रकल्प दिलेल्या वेळेत पुर्ण होऊ शकला नाही. तुम्हाला तर माझी परिस्थिती माहितच आहे. तरी कृपया करून मला मुदत वाढ देण्यात यावी हि नम्र विनंती. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतिक्षेत.
>
> आपली आज्ञाधारक विद्यार्थीनी

पाठवायच्या आधी खाली घरमालकीण काकूंकडे गेले. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं आहे. त्यांनी मला मेल मोठ्यानं वाचायला लावला, मग फोन हातात घेतला आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं शब्द उतरवायला लागल्या.

शुद्धलेखन त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. ‘मुदतवाढ’ हा एक शब्द, तो तोडायचा नाही. ‘पूर्ण’चा पू दीर्घ, ‘ही’ दीर्घ, ‘माहीत’मधला ही दीर्घ, पण ‘माहिती’त तो ऱ्हस्व होतो. ‘विद्यार्थी’त र्थी दीर्घ असली तरी ‘विद्यार्थिनी’ होताना ऱ्हस्व. ‘प्रतिक्षा’वर मात्र त्या थांबल्या. “प्रति अधिक ईक्षा. इ आणि ई जोडले की ई होणारच ना? परीक्षेचंही तेच, परि अधिक ईक्षा. हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही.” आणि ‘कृपया’ म्हणजेच ‘कृपेने’, तेव्हा ‘कृपया करून’ म्हणजे कृपेने करून. एक तर ‘कृपया’ लिही, नाही तर ‘कृपा करून’.

मग त्यांनी ‘मिळणेबाबत’भोवती गोल काढला. मला यात काही चूक आहे हेच माहीत नव्हतं, कारण महानगरपालिकेच्या फलकापासून कॉलेजच्या सूचनेपर्यंत सगळीकडे हेच दिसतं. काकू म्हणाल्या, “तू घरी ‘खाणेसाठी काय आहे’ असं विचारतेस का? ‘खाण्यासाठी’ म्हणतेस. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की ‘णे’चं ‘ण्या’ होतं. कचेरीत ते होत नाही, तिथे ‘करणेत यावे’, ‘मिळणेबाबत’. तुझे सर काय तहसीलदार आहेत?”

इथून पुढे चुका संपल्या आणि सूर सुरू झाला. ‘कळविण्यात येते की’ ही नोटिशीची भाषा. कोण कळवतंय ते त्यात नसतंच, म्हणून सरकारला ती सोयीची. ‘देण्यात यावी’चंही तेच, कोणी द्यावी ते गुलदस्त्यात. मला ती वाक्यं अदबीची वाटत होती. काकूंच्या मते अदब वेगळी आणि अंतर वेगळं. पुढे तर मी ‘आपणास’वरून ‘तुम्हाला’वर उतरले होते, तेही ‘तुम्हाला तर माहितच आहे’ अशा तक्रारीच्या सुरात. सर साठ मुलांना शिकवतात, त्यांना माझी परिस्थिती कुठून माहीत असणार?

सर्वांत जास्त वेळ आम्ही ‘प्रकल्प पुर्ण होऊ शकला नाही’वर घालवला. मराठीत ही मोठी सोय आहे. काम राहून गेलं, उशीर झाला, कप फुटला. करणारा कुठे दिसतच नाही. काकूंनी फक्त विचारलं, “प्रकल्प स्वतःच स्वतःला पूर्ण करणार होता का?” मी ‘मी पूर्ण करू शकणार नाही’ असं लिहिलं. लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल करते.

कारणांवरून आमचं थोडं वाजलं. मला वाटत होतं तीन कारणं म्हणजे बाजू भक्कम. लग्न खरंच होतं, लॅपटॉपही खरंच दोनदा बंद पडला होता. त्या म्हणाल्या, लग्नाची तारीख तुला दोन महिने आधी माहीत होती, ते कारण नाही. लॅपटॉपचं सगळेच सांगतात. तीन लिहिलीस तर वाचणारा सगळ्यात पोकळ धरून बसतो आणि खरा ताप त्याखाली बुडतो. शिवाय ‘खूपच बिघडल्यामुळे’पेक्षा तारखा लिही, त्यात ‘खूपच’ आपोआप आलं. आणि हो, एवढ्या मेलमध्ये किती दिवस हवेत हे मी कुठेच लिहिलं नव्हतं!

रात्री साडेनऊला गेला तो मेल असा:

> विषय : सत्र ३ प्रकल्प – २५ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढीची विनंती
>
> सर, नमस्कार.
>
> मी एम. ए. भाग २ ची विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक २७. विडी कामगार स्त्रियांवरचा माझा प्रकल्प मंगळवारी, १८ तारखेला द्यायचा आहे. तो मी त्या दिवशी पूर्ण करू शकणार नाही. ४ ते ११ नोव्हेंबर मी डेंग्यूने आजारी होते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे.
>
> ११ पैकी ७ मुलाखती उतरवून झाल्या आहेत. उरलेल्या ४ तेलुगूत असल्याने त्यांना जास्त वेळ लागतो आहे. तयार असलेली पहिली दोन प्रकरणे सोबत पाठवत आहे.
>
> आपण मला २५ तारखेपर्यंत मुदत वाढवून द्यावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास ७ मुलाखतींवर आधारित अहवाल मी १८ तारखेलाच सादर करेन.
>
> आपली,

खाली पूर्ण नाव. ‘आज्ञाधारक’ काकूंनी काढून टाकलं (“आज्ञाधारक असतीस तर १८ला दिला असतास”). ‘सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत’ही गेलं, कारण उत्तर काय असावं हे आपण सांगायचं नसतं. शेवटचं वाक्य घालायला मी तयार नव्हते. सरांनी तेच धरलं तर? काकू म्हणाल्या, मग ते तुला करता येईल का, एवढंच बघ. येत नसेल तर लिहू नकोस. हिशेब केला, येत होतं.

रविवारी दुपारी उत्तर आलं. २५ मिळाली नाही. गुण २४ तारखेला विभागात जमा करायचे असल्यामुळे शनिवार, २२ तारीख, दुपारी तीनपर्यंत. अकराही मुलाखतींचा आग्रह नको, तेलुगूतल्या दोन नीट उतरव, म्हणजे नऊ पुरेत. आणि दुसऱ्या प्रकरणातल्या कोष्टकात मजुरी हजार विड्यांमागे आहे की दिवसाची, ते लिहायचं राहिलं आहे.

‘राहिलं आहे’ असंच सरांनी लिहिलं होतं. मी काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “ते सर आहेत. तू आधी कोष्टक बघ.”