पिठलं स्पॅनिशमध्ये लिहायला दोन पानं कशाला लागतात?

‘अहो, पिठलंच ना? बेसन, पाणी, फोडणी. चार ओळींत बसतं. स्पॅनिशमध्ये तुम्ही त्याची दोन पानं का करता?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चार ओळींत बसतं, कारण उरलेलं सगळं वाचणाऱ्याच्या हातात आधीच असतं. ‘फोडणी करून घ्या’ असं लिहिलं की मराठी वाचक तेल तापवतो, मोहरी तडतडायची वाट बघतो, हिंग टाकतो आणि हळद शेवटी घालतो. यातलं काहीच त्या तीन शब्दांत नसतं. माद्रिदच्या किंवा मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात हे कुणाच्या हातात नाही, म्हणून ते कागदावर यावं लागतं. हे मी इतक्यांदा तोंडी सांगितलंय की आता एकदा लिहून टाकते.

आधी सामान. बेसनाची अडचण नाही. ‘आरिना दे गार्बान्सो’, म्हणजे काबुली चण्याचं पीठ, स्पेनमध्ये सहज मिळतं आणि त्याचं पिठलं चांगलं होतं. जिरं म्हणजे ‘कोमिनो’, पण ‘एन ग्रानो’ म्हणजे अख्खं असं लिहावं लागतं, कारण तिकडे कोमिनो म्हटलं की बऱ्याचदा पूडच हाताशी येते आणि पूड तापलेल्या तेलात पडताक्षणी जळते. मोहरीचंही तेच, किंबहुना जास्त. नुसतं ‘मोस्तासा’ लिहिलं तर बाटलीतली पिवळी चटणी समोर येते. म्हणून ‘ग्रानोस दे मोस्तासा नेग्रा ओ पार्दा’, काळ्या किंवा तपकिरी मोहरीचे दाणे, असं पूर्ण लिहायचं. पिवळी मोठी मोहरीही तडतडते, पण तिला आपल्या मोहरीचा झणका नाही.

हिंगाला ‘आसाफेतिदा’ हे नाव आहे, पण ते पुष्कळ स्पॅनिश वाचकांच्या ओळखीचं नसतं. म्हणून सोबत एक वाक्य जोडते: हा झाडाचा डिंक आहे, कच्चा वास उग्र असतो, गरम तेलात तो कांदा-लसणाच्या अंगाने जातो. आणखी एक वाक्य मी कधीच गाळत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्याने डबीवरचं वाचून घ्यावं. बेसनाचं पिठलं अशा माणसाला बाकी अगदी चालण्यासारखं आहे, ते हिंगामुळे बिघडायला नको.

कढीपत्त्याला ‘ओहास दे करी’ म्हणतात. त्याच्यापुढे मी स्पष्ट लिहिते की करी पावडरीशी याचा संबंध नाही, आणि पानं मिळाली नाहीत तर गाळा, ‘लाउरेल’ घालू नका. लाउरेल म्हणजे तमालपत्राच्या जवळचं पान, तिथल्या प्रत्येक घरात असतं, म्हणून हात तिकडेच जातो. हिरव्या मिरचीला मात्र एक नाव नाहीच. मेक्सिकोत ‘चिले’, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘आही’, स्पेनमध्ये ‘गिंदिया’. त्यात गिंदिया बरणीत व्हिनेगरमध्ये घातलेलीही मिळते, म्हणून ‘फ्रेस्का’, ताजी, हा शब्द हवाच. लाल तिखट घालायचं असेल तर ‘कायेना’ लिहावं आणि माप आपल्या तिखटाच्या निम्म्याहून कमी द्यावं. ‘पिमेंतोन’ अजिबात लिहू नये. त्याचा रंग तिखटासारखा असतो, पण तो बहुतेक वेळा गोडसर असतो आणि ‘दे ला वेरा’ लिहिलेला असेल तर धुरावर वाळवलेला.

हे सगळं म्हणजे पाल्हाळ, असं तुम्ही म्हणता. मग तो प्रसंग सांगते, ज्याच्यानंतर एक ओळही कमी करायला मी तयार नाही.

एका प्रकाशनाने माझी पाककृती घेतली आणि जागा कमी म्हणून फोडणीच्या आठ ओळींची एक ओळ केली. ‘मसाले तेलात सोफ्रेइर करा.’ मला न विचारता. वरवर बघितलं तर भाषांतर बरोबर वाटतं, तेल आहे, मसाले आहेत, परतणं आहे. पण ‘सोफ्रीतो’ ही तिकडच्या स्वयंपाकातली पायाभूत गोष्ट आहे. कांदा, लसूण, टोमॅटो मंद आचेवर, घाई न करता, मऊ आणि गोड होईपर्यंत परतायचे. हे करणाऱ्याच्या अंगात ते इतकं मुरलेलं असतं की शब्द वाचताच हात आच कमी करतो. फोडणीला नेमकं उलटं हवं असतं.

ती ओळ वाचून एका वाचकिणीने पिठलं केलं आणि काय काय केलं ते मला सविस्तर कळवलं. थंड तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद एकदम घातलं. आच मंद. दहा मिनिटं लाकडी चमच्याने हलवत राहिली, कारण सोफ्रीतो तसाच होतो. मोहरी एकदाही तडतडली नाही. तेल तेवढं तापलंच नाही, तर दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटणार कसा? तो तसाच कडक राहिला आणि दाताखाली कडवट लागला. जिरं तेवढ्या वेळात काळपट झालं. हळद तळाला बसून तपकिरी झाली, आणि करपलेल्या हळदीचा कडवटपणा नंतर कशानेही जात नाही, पाणी वाढवून नाही की मीठ वाढवून नाही. त्यात तिच्याकडे कढीपत्ता नव्हता. ‘गाळा’ ही माझी ओळ त्यांनी काढून टाकली होती, म्हणून लाउरेलची दोन पानं पडली होती.

तिने फोटोही पाठवला होता. पिवळ्याऐवजी मातकट रंग, कडेला तेलाची तपकिरी रेघ, मध्ये न फुटलेले काळे दाणे. खाली लिहिलं होतं की हा पदार्थ मुळातच ‘आमार्गो’, कडू असतो का, की आम्हाला या चवीची सवय नाही? चूक तिची नव्हती. तिने छापलेला प्रत्येक शब्द पाळला होता. त्या दिवशी मला राग आला तो याचा, की एका क्रियापदामुळे एका चांगल्या स्वयंपाकिणीला वाटलं, महाराष्ट्रात लोक हे कडू पिठलं आवडीने खातात.

म्हणून आता फोडणी मी अशी लिहिते. तीन मोठे चमचे तेल लहान, जाड बुडाच्या भांड्यात मध्यम ते मोठ्या आचेवर तापवा. मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. ते नुसते बसून राहिले तर तेल थंड आहे, लगेच तडतडले तर तयार आहे, तेलातून धूर यायला लागला तर गॅस बंद करून थांबा. एक छोटा चमचा मोहरी घाला आणि झाकण हाताशी ठेवा, दाणे उडतात. इथे स्पॅनिशमध्ये सुरेख शब्द आहे, ‘चिस्पोरोतेआर’, ठिणग्यांसारखं तडतडणं. तडतड ऐन भरात आली की आच कमी करून अर्धा छोटा चमचा जिरं आणि पाव छोटा चमचा हिंग घाला. जिरं काही सेकंदांत रंग बदलतं, त्याच्या पुढे जाऊ देऊ नका. मग ठेचलेल्या पाच लसूण पाकळ्या, चिरलेल्या तीन मिरच्या, कढीपत्ता पुसून कोरडा करून. लगेच एक बारीक चिरलेला कांदा. कांद्याच्या ओलाव्याने तेल निवतं, म्हणून अर्धा छोटा चमचा हळद कांदा मऊ झाल्यावर घालायची, म्हणजे ती करपत नाही. कांद्याचा टप्पा खरोखरच सोफ्रीतो आहे आणि तिथे मी तो शब्द बिनधास्त वापरते.

पुढचा भाग वाचकाला सोपा जातो, पण तिथेही एक खाच आहे. आपण पीठ वैरतो. एका हाताने उकळत्या पाण्यात पीठ सोडायचं, दुसऱ्या हाताने सतत हलवायचं. याला स्पॅनिशमध्ये तयार वाक्प्रयोग आहे, ‘एन फोर्मा दे यूविया’, पावसासारखं, रवा सोडताना ते हेच म्हणतात. तो सापडल्यावर मला वाटलं होतं की हाच प्रश्न सगळ्यात आधी सुटला. पण बेसन रव्यासारखं सुटं नसतं. उकळत्या पाण्यात पडलं की वरून शिजतं, आत कोरडं राहतं आणि ‘ग्रुमोस’, गुठळ्या होतात. आपल्याकडे ज्यांचा हात बसलाय ते त्या गुठळ्या उलथन्याने कडेला दाबून मोडतात, आणि काही घरांत त्या थोड्या राहिलेल्याच आवडतात. पहिल्यांदा करणाऱ्याला ते कसं लिहून द्यायचं?

म्हणून पहिली पद्धत देते ती कालवण्याची. १०० ग्रॅम बेसन चाळून २०० मिली गार पाण्यात फेटायचं. फोडणीत ४०० मिली पाणी आणि एक छोटा चमचा मीठ घालून उकळी आणायची, मग कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडत हलवायचं. वैरण्याची पद्धत खाली दुसरी म्हणून. माझ्यातली जुनी बाई यावर कुरकुरते. वैरलेल्या पिठल्याला जो खरबरीत, मोकळा पोत येतो तो कालवलेल्याला येत नाही, ते गुळगुळीत होतं, आणि वाचकाच्या पहिल्या घासात ते गुळगुळीतच बसतं. तिचं म्हणणं खोटं नाही. पण पहिल्याच खेपेला पिठाचे कोरडे गोळे चावणारा माणूस दुसऱ्यांदा करायला येत नाही, हेही खोटं नाही. कोणती पद्धत वर ठेवावी यावर माझं अजून एकमत झालेलं नाही.

शेवटी वाफ. ‘झाकण ठेवून एक वाफ येऊ द्या’ याचं शब्दशः ‘आल वापोर’ केलं की वाचक चाळणीची भांडी काढून पदार्थ पाण्याच्या वाफेवर उकडायला ठेवतो. लिहायचं एवढंच: झाकण ठेवा, आच अगदी मंद करा, ५ ते ७ मिनिटं ठेवा, मध्ये दोनदा तळापासून हलवा. झाकण काढताना तोंड लांब ठेवा, दाट बुडबुडे फुटून अंगावर उडतात. झालं कसं ओळखायचं, तर कच्च्या पिठाचा वास जातो, वर चकाकी येते आणि चमच्यावरून जाडसर धार पडते. चाखून जीभ कोरडी पडल्यासारखी वाटली तर आणखी दोन मिनिटं. ताटात गेल्यावर ते आणखी आळतं, म्हणून गॅसवर हवंय त्यापेक्षा पातळ असतानाच उतरवायचं. वरून ‘सिलांत्रो’ चिरून, कोथिंबीर.

आणि ‘फोडणी’ हा शब्द? आठ ओळींच्या वर मी तो तसाच ठेवते, तिरप्या अक्षरांत, आणि पुढे सगळं सांगते. काही जण म्हणतात, परका शब्द बघून वाचक बिचकतो, ‘तापलेल्या तेलात मसाले फुलवणे’ असं लिहा. तेही लिहून बघितलंय. चालतं. पण पुढच्या पदार्थात, आमटीत, कोशिंबिरीत, तीच क्रिया पुन्हा येते, तेव्हा पुन्हा चार शब्द लिहायचे की वाचकाला एव्हाना कळलेला एक? मी एकच लिहिते. ज्यांना जागा वाचवायची आहे त्यांनी तिथे वाचवावी, त्या आठ ओळींना हात लावू नये.