फोनवरची पाच वाक्यं: आवाजाच्या कलाकाराला सूचना देताना

एका श्रुतिकेचं दिग्दर्शन माझ्याकडे आलं. त्यातल्या एका प्रवेशात पुण्यात राहणारी मुलगी गावी वडिलांना फोन करते. घर विकायचं ठरलंय हे तिला भावाकडून कळलंय, वडिलांनी सांगितलेलं नाही. ही भूमिका करणाऱ्या ताई नागपूरला स्वतःच्या घरी रेकॉर्ड करणार होत्या आणि मी इकडून ऐकणार होते. त्यामुळे संहितेसोबत प्रत्येक वाक्याच्या सूचना आदल्या दिवशीच पाठवायच्या होत्या.

संहितेत वाक्यं अशी होती: ‘बाबा, जेवलात का?’, ‘काही नाही, सहजच केला फोन.’, मग नवऱ्याला ‘अहो, कुकर बंद करा जरा.’, पुन्हा फोनवर ‘घर विकायचं ठरलंय, असं दादा म्हणत होता.’ आणि शेवटी ‘माझी सही लागेल ना?’ लेखकाने कंसात प्रेमाने, सहज, दुःखाने, रडवेल्या आवाजात असं लिहिलं होतं. मी ते सगळे कंस काढले. ‘दुःखाने’ असं वाचलं की कलाकार दुःखाचा आवाज काढतो आणि तो कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही मुलीला चालतो. आपल्याला या मुलीचा आवाज हवा असतो. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे मी तीनच गोष्टी लिहिल्या: आत्ता काय घडलंय, समोरच्याकडून काय हवंय आणि तो किती लांब आहे.

पहिल्या वाक्यापुढे लिहिलं, ‘फोन उचलायला बाबांनी वेळ लावला. त्यांचा मूड कसा आहे ते चाचपायचंय, जेवणाचं उत्तर नकोय.’ कुकरच्या वाक्यापुढे, ‘नवरा आतल्या खोलीत. माइकपासून मागे सरकू नका, मान थोडी वळवा आणि आवाज तिथवर पोचवा. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर हात आहे.’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. श्रोत्याला चित्र दिसत नाही. माणूस बदलला की आवाजाचं अंतर बदलावं लागतं, तरच खोली उभी राहते. कलाकार खरंच मागे सरकला तर खोलीचा घुमारा माइकमध्ये शिरतो आणि ते एकच वाक्य वेगळ्या जागेतलं वाटतं.

वेगाबद्दल सूचना कमी दिल्या. दोन वाक्यांमधली शांतता संकलनात हवी तेवढी वाढवता येते, पण वाक्याच्या आतला वेग तिथे सुधारत नाही. त्यामुळे आतल्याच जागा खुणेने दाखवल्या: एक तिरकी रेघ म्हणजे क्षणभर अडखळणं, दोन रेघा म्हणजे श्वास. चौथं वाक्य असं गेलं: ‘घर विकायचं ठरलंय, / असं दादा म्हणत होता.’ पुढे कारण लिहिलं, ‘अर्धं वाक्य बोलून झाल्यावर लक्षात येतं की हे आपल्याला कळलंय हे बाबांना माहीतच नाही. मग दादाचं नाव पुढे करायचं.’ ‘इथे थांबा’ एवढंच लिहिलं असतं तर तिथे नुसती पोकळी ऐकू आली असती.

रेकॉर्डिंगला नेमकं हेच वाक्य अडलं. रेघ जागेवर होती, कारणही कळलं होतं, पण ‘म्हणत होता’ प्रत्येक वेळी गिळलं जात होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथवर श्वास संपतो, तसा आवाज बसतो. ‘शेवट स्पष्ट म्हणा’ असं सांगितलं की माणूस बातम्या वाचल्यासारखं बोलू लागतो. म्हणून मी म्हटलं, “ताई, बाबा आता मधेच बोलतील असं वाटतंय, त्यांच्या आधी वाक्य पुरं करा.” पुढच्याच वेळी ‘होता’पर्यंत श्वास पुरला आणि थोडी घाईही आली, जी मुलीच्या मनात असायलाच हवी.

शेवटच्या वाक्याला सगळं वजन ‘ना’वर होतं. तो वर गेला तर खरी शंका, खाली आला तर आरोप. संहितेतला रडवेला आवाज दोन्ही झाकून टाकत होता. मी लिहिलं होतं, ‘रडू आलंय, पण बाबांना कळू द्यायचं नाही. कागदपत्रांची चौकशी करतेय एवढंच दाखवायचं.’ तरी ‘ना’ कुठे न्यायचा हे मी म्हणून दाखवलं नाही. दाखवलं की कलाकार माझी चाल उचलतो आणि मागचा विचार सुटतो. त्याऐवजी सुचवलं, “मध्ये न थांबता तीनदा म्हणा, दर वेळी वेगळ्या हेतूने: माहिती विचारताय, आठवण करून देताय, हक्क सांगताय.” आठवण करून देणारं वाक्य ठेवलं. त्यात ‘ना’ जेमतेम खाली येत होता.

दर वेळी एकच सूचना द्यायची हे मी कटाक्षाने पाळलं. वेग, अंतर आणि भाव एकदम सांगितले की तिन्ही अर्धवट बदलतात आणि कशाने काय सुधारलं हे मलाही कळत नाही.

नंतर दुसऱ्या वाक्यात कपड्यांची सळसळ सापडली, म्हणून ते एकटंच पुन्हा घ्यावं लागलं. त्याआधी ताईंना त्यांचंच ‘बाबा, जेवलात का?’ हेडफोनवर ऐकवलं आणि त्याच अंतरावरून, माइकपासून वीतभर, तेही वाक्य पुन्हा म्हणायला लावून पुढचं सलग घेतलं. संकलकाने नवं दुसरं वाक्य जुन्या पहिल्याला जोडलं, तेव्हा सांधा ऐकू आला नाही.