३.७९१ हा आकडा येतो कुठून?

उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा माझ्या ५६,९४० या उत्तराभोवती लाल गोल होता आणि शेजारी ६२,६४० लिहिलेलं होतं. प्रश्न साधा होता. एका मशीनमुळे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून सातव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दर वर्षी २०,००० रुपये मिळणार, व्याजाचा दर १० टक्के, तर या सगळ्या पैशांची आजची किंमत किती? आजची किंमत काढायच्या छापील टेबलमधून आकडे मी बरोबर उतरवले होते आणि गुणाकारही बरोबर होता. तरी ५,७०० रुपयांचा फरक पडला होता, आणि तो का पडला हे मला काही केल्या कळेना. त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

माझं गणित शाळेपासून कच्चं. कंसाच्या डोक्यावर छोटासा n दिसला की मी ते सूत्र पाठ करून मोकळी व्हायचे. हिशेबाच्या कामात कित्येक वर्षं घालवलेल्या माझ्या आतेबहिणीकडे मी तो पेपर घेऊन गेले. तिने प्रश्न वाचला, माझं उत्तर वाचलं आणि म्हणाली, "टेबलचं पुस्तक मिटून ठेव. त्यातला पहिला आकडा तू स्वतः काढायचा. तोपर्यंत टेबल उघडायचं नाही."

सुरुवात तिने चक्रवाढीपासूनच केली. आज १०,००० रुपये १० टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने ११,०००. पुढच्या वर्षी व्याज ११,००० वर लागणार, म्हणून १२,१००. तिसऱ्या वर्षी १३,३१०. "काय केलंस तू?" तिने विचारलं. मी म्हटलं, दर वेळी दहा टक्के काढून मिळवले. "ते एका झटक्यात कर. १.१ ने गुण." मग माझ्या लक्षात आलं की डोक्यावरचा n म्हणजे १.१ ने किती वेळा गुणायचं, एवढंच. तीन वर्षं तर तीनदा. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

उलट्या वाटेने यायची वेळ आली तिथे मी अडखळले, आणि माझ्यासारखे बरेच जण इथेच अडखळतात असं मला आता वाटतं. तिने विचारलं, "वर्षाने १०,००० मिळणार आहेत, आज त्यांची किंमत किती?" मी लगेच म्हटलं, दहा टक्के कमी, म्हणजे ९,०००. तिने मला ते ९,००० पुन्हा एक वर्ष पुढे न्यायला लावले. ९,००० गुणिले १.१ म्हणजे ९,९००. शंभर रुपये कमी पडले. ९,००० वरचे दहा टक्के आणि १०,००० वरचे दहा टक्के हे वेगळे असतात, म्हणून वजाबाकी करून मागे येता येत नाही. गुणून पुढे गेलो असू तर भागूनच मागे यायचं. १०,००० भागिले १.१ म्हणजे साधारण ९,०९१. ते १.१ ने गुणून पाहिलं तर बरोबर १०,००० होतात. ही पडताळणी मी अजूनही करते. मागे आणलेली रक्कम पुन्हा पुढे नेऊन मूळ रक्कम आली नाही, तर काहीतरी चुकलंय असं समजायचं.

आता रक्कम १०,००० ऐवजी फक्त १ रुपया धरायची. एक वर्ष मागे आणला तर ०.९०९. तोच आकडा पुन्हा १.१ ने भागला तर ०.८२६, मग ०.७५१, ०.६८३, ०.६२१. मी हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि मगच तिने टेबल उघडू दिलं. दहा टक्क्यांच्या रकान्यात तेच पाच आकडे, त्याच क्रमाने छापलेले होते. डिस्काउंट फॅक्टर म्हणजे अमुक वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत. इतके दिवस मी हे टेबल कुणीतरी ठरवून दिलेले आकडे म्हणून वापरत होते. ते नुसत्या भागाकाराने बनतं आणि माझ्या साध्या कॅल्क्युलेटरवरही बनतं, हे पाहिल्यावर मनावरचं मोठं दडपण उतरलं.

मग ॲन्युइटीचं टेबल. दर वर्षी ठरावीक अंतराने सारखीच रक्कम मिळत असेल, तर पाच वेळा गुणाकार करण्यापेक्षा पाचही फॅक्टरची आधीच बेरीज करून ठेवायची आणि रक्कम एकदाच गुणायची. ०.९०९ अधिक ०.८२६ अधिक ०.७५१ अधिक ०.६८३ अधिक ०.६२१. माझी बेरीज आली ३.७९०. टेबलमध्ये होतं ३.७९१. मला वाटलं बेरीज चुकली, म्हणून मी दोनदा केली. तिने सांगितलं की टेबल छापणाऱ्यांनी सगळे दशांश ठेवून बेरीज केली आणि शेवटी तीन स्थळांवर आणली, तर मी आधीच तोडलेले आकडे मिळवले. शेवटच्या स्थळावर एकाचा फरक चालतो. मात्र दुसऱ्या दशांश स्थळावर फरक दिसला तर तो तोडण्याचा नसतो, चूक दुसरीकडे असते.

हीच बेरीज कॅल्क्युलेटरवर कशी होते तेही तिने दाखवलं. साध्या, मोठ्या बटणांच्या कॅल्क्युलेटरवर GT असं बटण असेल तर आधी ते पूर्ण रिकामं करायचं, मग:

```
1 ÷ 1.1 = = = = =
GT
```

`=` पाचदा दाबलं की पाच फॅक्टर एकामागून एक स्क्रीनवर येतात आणि GT दाबल्यावर त्यांची बेरीज दिसते, 3.79078... दुसऱ्यांदा `=` दाबल्यावर 0.826 दिसलं नाही, तर तुमचं यंत्र या पद्धतीने चालत नाही. मग हाताने भागत जायचं. मागच्या हिशेबाचं काही GT मध्ये उरलेलं असेल तर बेरीज भलतीच येते. माझी पहिल्यांदा तशीच आली.

एवढं झाल्यावर आम्ही माझ्या चुकलेल्या प्रश्नाकडे आलो. तिने कागदावर एक आडवी रेघ मारली, डाव्या टोकाला ० लिहिलं, म्हणजे आज, आणि पुढे १ ते ७ असे ठिपके दिले. ३ पासून ७ पर्यंत प्रत्येक ठिपक्यावर २०,००० लिहिले. "किती वेळा पैसे मिळतात?" मी बोटाने मोजले, पाच. पेपरात मी हे बरोबर धरलं होतं, म्हणून ३.७९१ घेतला होता. पण पहिली रक्कम तिसऱ्या वर्षी मिळते, म्हणून तो तीन वर्षांच्या फॅक्टरने, म्हणजे ०.७५१ ने गुणला होता.

तिने विचारलं, "३.७९१ मधला पहिला आकडा कोणता?" ०.९०९. "म्हणजे त्या बेरजेने पहिल्या रकमेला किती वर्षं मागे आणलं?" एक. मी रेघेवर बोट ठेवलं. पहिली रक्कम ३ वर आहे, एक वर्ष मागे आणली की ती २ वर येते. चौथ्या वर्षाची दोन वर्षं मागे, तीही २ वर. सातव्याची पाच वर्षं मागे, तीसुद्धा २ वरच. पाचही रकमा दुसऱ्या ठिपक्यावर येऊन थांबल्या होत्या. तिथून आजपर्यंत दोनच वर्षं उरतात आणि मी त्यांना तीन वर्षं मागे खेचलं होतं. ॲन्युइटी टेबल नेहमी पहिल्या रकमेच्या एक काळ आधीची किंमत देतं, हे वाक्य तिने तोंडाने सांगितलं असतं तर मी तेही पाठ केलं असतं. बोटाने मोजल्यामुळे ते समजलं.

मग ३.७९१ गुणिले ०.८२६, म्हणजे ३.१३१. पेपर तपासणाऱ्यांचं उत्तर मात्र ३.१३२ वरून आलेलं होतं. तेही तिने उलगडून दाखवलं. सात वर्षांचा ॲन्युइटी फॅक्टर ४.८६८. त्यात पहिल्या दोन वर्षांचे फॅक्टर आहेत, जे आपल्याला नकोत. दोन वर्षांचा १.७३६. वजा केला की ३.१३२ उरतात आणि २०,००० ने गुणले की ६२,६४०. पहिल्या पद्धतीने ६२,६२० येतात. हा वीस रुपयांचा फरक पुन्हा दशांश तोडल्याचाच. मला स्वतःला वजाबाकीची पद्धत जास्त आवडते. तिच्यात कुठून किती मागे यायचं याचा गोंधळ होत नाही, फक्त नको असलेली वर्षं काढून टाकायची. नको असलेली वर्षं मात्र दोन आहेत, तीन नाहीत, हे रेघ मारल्याशिवाय मी आजही ठरवत नाही.

एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली. रकमा सारख्या नसतील तर ॲन्युइटी टेबलला हात लावायचा नाही. एखाद्या वर्षी २०,००० ऐवजी २५,००० असतील तर प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या फॅक्टरने गुणायची. किंवा सगळीकडे २०,००० धरून टेबल वापरायचं आणि वरचे ५,००० त्या वर्षाच्या फॅक्टरने गुणून वेगळे मिळवायचे. तसंच व्याज सहामाही लागत असेल तर १० टक्क्यांचा रकाना सोडून ५ टक्क्यांच्या रकान्यात जायचं आणि वर्षांऐवजी सहामाह्या मोजायच्या. टेबलला वर्ष कळत नाही, ते फक्त काळ मोजतं.

फेरपरीक्षेत प्रश्न आला तो वेगळाच. भाड्याने घेतलेल्या यंत्राचे १२,००० रुपये दर वर्षी असे सहा वेळा द्यायचे, पहिला हप्ता आजच, दर १० टक्के. माझ्या शेजारी बसलेली मुलगी सहा वर्षांचा ४.३५५ शोधत होती. मी आधी रेघ मारली. हप्ते ० पासून ५ पर्यंत आले. ० वरच्या रकमेला मागे आणायचंच नाही, तिचा फॅक्टर १. उरलेले पाच १ ते ५ वर, म्हणजे ३.७९१. दोन्ही मिळून ४.७९१, आणि १२,००० ने गुणून ५७,४९२. वेळ उरला होता म्हणून ४.३५५ ला १.१ ने गुणून पाहिलं. ४.७९०५ आले. शेवटच्या स्थळापुरता फरक होता, म्हणून मी उत्तराखाली रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न घेतला.