मॅडमचं लिंक पेज

आज दहावीचं गणित शिकवणाऱ्या आमच्या शेजारच्या मॅडमना एक साधं लिंक पेज करून दिलं, इन्स्टाच्या बायोत टाकायला. क्लास, त्यांची सरावाची पुस्तकं आणि पालकांसाठी सल्ला अशी तीनच बटणं. बटणावर नुसतं "क्लास" नाही लिहिलं, "दहावी गणित बॅच: वेळ आणि फी" असं लिहिलं, म्हणजे दाबायच्या आधीच कळतं आत काय आहे. पुस्तकांचं बटण ऑर्डरच्या गुगल फॉर्मवर जातं, बाकी दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर, पण दोघांचा मेसेज वेगळा आणि आधीच टाइप झालेला, त्यामुळे कोण कशासाठी आलंय ते मॅडमना पहिल्याच ओळीत दिसतं. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dahavi%20batch
```

नंबरच्या आधी 91 हवाच, पण प्लस किंवा शून्य नको, आणि मेसेजमधल्या स्पेसच्या जागी %20. मग पेज क्रोममध्ये न उघडता इन्स्टामधूनच उघडून बघितलं, कारण पालक तिथूनच येणार आणि फॉर्मला फाइल अपलोड ठेवली की तो गुगल लॉगिन मागतो, तिथेच लोक परत फिरतात. म्हणून पेमेंटचा स्क्रीनशॉट फॉर्ममधून काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचं ठरलं. संध्याकाळी एका आईचा पहिला मेसेज आला, "Dahavi batch", मॅडमनी लगेच वेळ कळवली, मला फार बरं वाटलं!