एकच पिवळा ठिपका, पण मोजायचे दोन

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते, परळच्या घरीच. जुना मॉनिटर गेल्यावर लॅमिंग्टन रोडवरून २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणला. दुकानात खोक्यातून काढून लावून दाखवला होता, पण विंडोजच्या निळ्या वॉलपेपरवर काय दिसणार? रात्री एका रिसेप्शनचे काळे पान उघडले आणि नवरीच्या शालूपासून चार बोटांवर एक पिवळा कण चमकताना दिसला. आधी वाटले जरीच आहे. पान सरकवले, कण जागचा हलला नाही.

मग रीतसर तपासणी केली. पेंटमध्ये काळी, पांढरी, लाल, हिरवी आणि निळी अशी पाच कोरी चित्रे बनवली, घरातले दिवे मालवले आणि एकेक चित्र फुलस्क्रीन पाहिले. त्याआधी पडदा मऊ कापडाने कोरडा पुसला. शेजारी फरशी फोडायचे काम चालू होते आणि पहिल्या मोजणीतल्या सहा डागांपैकी तीन या पुसण्यातच गेले. चौथा पुसूनही राहिला, पण तो करडा, कडा पुसट आणि मान तिरपी केली की किंचित सरकल्यासारखा वाटायचा. पिक्सेल असा सरकत नाही. ती पॅनेलच्या आत अडकलेली धूळ होती.

राहिले दोन. एक पांढऱ्या पडद्यावर फिकट आकाशी दिसे, हिरव्या-निळ्यावर सापडतच नसे आणि लालवर मात्र काळा. म्हणजे त्या पिक्सेलमधला लाल सबपिक्सेल मेलेला. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा ट्रान्झिस्टर. तो बिघडला की पट्टी कायमची बंद तरी राहते किंवा कायमची चालू तरी. पूर्ण पिक्सेल मेलेला असता तर तो पाचपैकी काळा सोडून प्रत्येक रंगावर काळाच दिसला असता.

दुसरा म्हणजे आमचा पिवळा. काळ्यावर पिवळा, लालवर आणि हिरव्यावरही पिवळा, निळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर गायब. लाल आणि हिरवा एकत्र पेटले की पडद्यावर पिवळा दिसतो. म्हणजे एकाच पिक्सेलमधल्या लाल आणि हिरव्या अशा शेजारच्या दोन पट्ट्या चालू अवस्थेत अडकल्या होत्या. रंग भराभर बदलणारा व्हिडिओ वीस मिनिटे त्या जागी चालवून पाहिला, कधीकधी त्याने अडकलेला पिक्सेल सुटतो. आमचा सुटला नाही. कापडात बोट गुंडाळून दाबायचा सल्लाही मिळाला, तो मी मानला नाही. दाबून शेजारचे पिक्सेल गेले असते तर दोष माझ्याच माथी आला असता.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "मॅडम, दोन-तीन डॉट चालतात, पाचच्या वर असतील तरच बदलून मिळेल." हे उत्तर अगदी खोटे नाही. २००१ च्या ISO 13406-2 या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनेलला दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम काळे आणि पाच सबपिक्सेल दोष माफ होते. फुल एचडीत साधारण वीस लाख पिक्सेल असतात, म्हणजे आकडे दुप्पट. नंतर त्याची जागा ISO 9241-307 ने घेतली, तरी थोडे दोष माफ ही रीत राहिली. पण प्रत्येक कंपनी आपली मर्यादा वॉरंटीच्या कागदावर लिहिते आणि दावा लढवायचा तो त्या कागदावर.

माझ्या कागदावर होते: पेटलेले डॉट दोनपर्यंत चालतील, काळे पाचपर्यंत, एकूण पाच. मी हरलेच होते. पण वर बारीक अक्षरांत "डॉट म्हणजे एक सबपिक्सेल" अशी व्याख्या होती आणि तक्त्याच्या तळाशी "एकमेकांना चिकटलेले दोन पेटलेले डॉट: शून्य" अशी ओळ. फोनवरचा माणूस ठिपके मोजत होता. कागद पट्ट्या मोजत होता.

सांगून पटणार नव्हते, दाखवावे लागणार होते. नवऱ्याच्या घड्याळ दुरुस्तीच्या पेटीतले भिंग फोनच्या कॅमेऱ्यावर धरले. पहिल्या फोटोत फक्त पांढरा भपका आला, कारण काळ्या पडद्यावर कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो. ठिपक्यावर बोट दाबून फोकस धरला, एक्स्पोजर अगदी खाली आणले आणि मग लाल व हिरवी अशा दोन पट्ट्या, पुस्तकांच्या कण्यांसारख्या शेजारी उभ्या दिसल्या. तो फोटो, पाच रंगांवरचे पाच फोटो, बिल आणि कागदावरच्या त्या दोन ओळींना लाल पेनने खूण, एवढे पाठवले.

तीन दिवसांनी माणूस घरी आला. त्याने स्वतःचे भिंग काढले, काळा पडदा लावायला सांगितला, पाहिले आणि म्हणाला, "ताई, हे जोडीचे आहे." फॉर्मवर त्याने डॉटच्या रकान्यात २ लिहिले. आठवड्याने दुसरा मॉनिटर आला. तो उघडताच पाच रंग तपासले: एका कोपऱ्यात एक काळा सबपिक्सेल. तो मर्यादेत बसतो, ठेवून घेतला.