संदर्भसूचीची शिलाई: स्पेसबारने मारलेले टाके उसवताना

प्रबंधाची संदर्भसूची विद्यापीठाच्या खिडकीवरून परत आली, तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'सूची एकसारखी करा.' नेमकं काय एकसारखं करायचं, ते खिडकीतल्या बाईंनाही सांगता येईना. "बघा की मॅडम, वर-खाली झालंय सगळं," एवढंच.

वर-खाली झालं होतं खरं. माझा विषय सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांचा, त्यामुळे सूचीत मराठी पुस्तकं, इंग्रजी अहवाल आणि जुनं गॅझेटिअर असं सगळं एकत्र. टायपिंग सेंटरमधून आली तेव्हा ती देखणी होती. नंतर बाइंडिंगसाठी डावा समास दीड इंच केला आणि नोंदींचे तुकडे पडले. कुठे अर्ध्या ओळीत वाक्य तुटलेलं, कुठे दुसरी ओळ पानाच्या मध्यावर. वर्डमध्ये होम टॅबवरचं ¶ हे बटण दाबलं तेव्हा कळलं. टायपिस्टने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारून पुढची ओळ स्पेसबारने आत ढकलली होती. विचारलं तर म्हणाले, "दिसतंय की बरोबर!" त्यांच्या समासात दिसतच होतं.

हे हाताने काढत बसू नका. आधी फाइलची प्रत करा आणि एकूण नोंदी किती ते मोजून ठेवा. का ते पुढे सांगते. मग फक्त सूची सिलेक्ट करून Ctrl+H दाबा. Find what मध्ये हे टाका:

```
^p^w
```

Replace with मध्ये फक्त एक स्पेस द्या आणि Replace All करा. ^p म्हणजे एंटर आणि ^w म्हणजे त्यानंतरच्या कितीही स्पेस किंवा टॅब. नोंदीची पहिली ओळ कडेलाच सुरू होते, म्हणून तिला धक्का लागत नाही. स्पेसने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या मागच्या ओळीला जोडल्या जातात. उरलेली फाइल शोधू का, असं वर्ड विचारेल, तिथे No म्हणा.

गॅझेटिअरची नोंद तीन ओळींत तुटली होती: 'गॅझेटिअर ऑफ द', खाली 'बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड २०,' आणि त्याखाली 'शोलापूर, १८८४'. क्षणात तिचा सलग एक परिच्छेद झाला. मात्र काही अहवालांच्या नोंदींच्या सुरुवातीलाच चुकून एक स्पेस पडलेली होती, त्या मागच्या नोंदीला जाऊन चिकटल्या. आधी मोजायला सांगितलं ते याचसाठी. लांबलचक वेबपत्ता दोन ओळींत तोडलेला असेल तर त्याच्या पोटात स्पेस शिरते, तीही काढावी लागते.

यानंतरचं काम सोपं आहे. सूची सिलेक्ट करा, Paragraph उघडा, Special मध्ये Hanging निवडा आणि By मध्ये १.२७ सेंमी द्या, म्हणजे अर्धा इंच. आता समास कितीही हलवा, दुसरी ओळ आपोआप आत राहते. दोन नोंदींमधली जागाही रिकाम्या एंटरने न देता तिथेच After मध्ये ६ पॉइंट द्यावी.

तरी ओळी कमी-जास्त उंचीच्या दिसत होत्याच. मंगल फॉन्टची मराठी ओळ टाइम्सच्या इंग्रजी ओळीपेक्षा उंच बसते, त्यामुळे Single ठेवलं की अंतर बदलत जातं. Line spacing मध्ये Exactly घेऊन मी २० पॉइंट दिले. कंजूषपणा केला तर वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. 'वार्षिकी'सारखा शब्द छापून बघावा, लगेच समजतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते विसर्गाने. 'पुणे : प्रकाशन' असं हवं, तिथे निम्म्या नोंदींत 'पुणेः' टाइप केलेलं. स्क्रीनवर दोन्ही दोन टिंबंच, पण विसर्ग अक्षराला चिकटलेला असतो आणि अपूर्णविराम शोधला तर तो सापडत नाही. तो शोधून एकेक बदला. Replace All नको, नाहीतर 'दुःख' आणि 'अंतःकरण' यांचीही वाट लागते. आणि अपूर्णविरामाच्या आधीची स्पेस Ctrl+Shift+Space ने द्या, नाहीतर एखाद्या नोंदीत ती दोन टिंबं एकटीच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतात.

अरे हो, सूचीला Justify लावू नका. वेबपत्ता अख्खा खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीतले शब्द ताणले जातात आणि मधे भगदाडं पडतात. डावीकडून सरळ ठेवा. खिडकीतून 'उजवी कड सरळ नाही' असा शेरा आलाच, तर वेबपत्ता असलेली एक नोंद Justify करून त्यांना दाखवा. मी तेच केलं.