टॅकोमीटर ५५८ दाखवत होता

तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रोजेक्ट तपासायचा दिवस होता. टेबलावर एक डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर एडी करंट ब्रेक आणि समोर करंट कंट्रोलर. रेफरन्स १० अँपिअर दिला तर मोटर किती वेगाने फिरेल, एवढंच गणित होतं. मुलाच्या अहवालात उत्तर होतं २२७ आरपीएम, आणि टॅकोमीटर ५५८ दाखवत होता.

"मॅडम, टॅकोमीटर बिघडलाय," तो म्हणाला. मी कपाटातला दुसरा आणला. तोही तेच सांगू लागला. मग मी त्याची वही मागितली.

आकृती बरोबर होती. फॉरवर्ड पाथमध्ये तीन ब्लॉक: कंट्रोलर Gc, आर्मेचर Ga आणि शाफ्ट Gm. करंटचा फीडबॅक आर्मेचरनंतर निघून कंट्रोलरच्या आधी येतो. बॅक ईएमएफ, म्हणजे फिरणाऱ्या मोटरमध्येच तयार होणारा उलटा व्होल्टेज, त्याचा फीडबॅक शाफ्टनंतर निघून आर्मेचरच्या आधी येतो. म्हणजे दोन्ही लूप एकमेकांत अडकलेले, आणि मधलं आर्मेचर दोघांचंही. वेग स्थिर झाल्यावर इंडक्टन्स आणि जडत्व गणितातून जातात, साधे आकडे उरतात: Gc = 10, Ga = 0.5, Gm = 10, बॅक ईएमएफचा स्थिरांक Kb = 0.5.

गाडी अडली होती मेसनच्या सूत्रात, म्हणजे आकृतीतले पाथ आणि लूप मोजून इनपुटला आउटपुट किती ते थेट काढणाऱ्या सूत्रात. एमआयटीच्या सॅम्युएल मेसन यांनी १९५३ आणि १९५६ च्या लेखांत मांडलेली ही पद्धत मी वर्गात मनापासून शिकवते, म्हणून ती चूक मला जास्तच लागली. पहिला लूप −GcGa = −5, दुसरा −GaGmKb = −2.5, इथवर ठीक. पण त्याने दोन्ही लूप 'नॉन-टचिंग' धरले आणि छेदात त्यांचा गुणाकारही मिळवला: 1 + 5 + 2.5 + 12.5 = 21. अंशात 50. म्हणून दर अँपिअरला 2.38 रेडियन प्रति सेकंद.

"नॉन-टचिंग कसे?" मी विचारलं.

"एक रेषेच्या वर काढलाय, एक खाली. कुठे चिकटतच नाहीत ना, मॅडम."

चूक कागदावरच्या रेखाटनाने घडवली होती. लूप चिकटतात ते नोडवर, कमानी कुठून काढल्या त्याला काही अर्थ नाही. मी त्याला प्रत्येक लूपवर बोट फिरवून नोडची नावं लिहायला लावली. आर्मेचरला मिळणारा निव्वळ व्होल्टेज आणि करंट, हे दोन नोड दोन्ही यादींत आले. गुणाकाराचं पद गेलं, छेद 8.5 राहिला. 50 ला 8.5 ने भागून 5.88, १० अँपिअरला 58.8 रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ५६२ आरपीएम.

ब्लॉक रिडक्शननेही करून बघ, म्हटलं. अडकलेला लूप थेट मिटवता येत नाही, म्हणून करंटचा टेक-ऑफ पॉइंट Gm च्या पुढे सरकवायचा. सरकवताना त्या फीडबॅकमध्ये 1/Gm घालायचा. हा विसरला की सगळं गेलं. मग बॅक ईएमएफचा लूप आतला होतो, तो मिटवायचा, नंतर बाहेरचा. पुन्हा 8.5 च.

पण खरं तर मोजमापाआधीच त्याला शंका यायला हवी होती. २२७ आरपीएमला या ब्रेकला 2.38 अँपिअर पुरतात. 2 ओहमच्या आर्मेचरमधून तेवढा करंट जायला, बॅक ईएमएफ धरून, जेमतेम 16.7 व्होल्ट लागतात. कंट्रोलर मात्र 10 × (10 − 2.38), म्हणजे 76 व्होल्ट देणार. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ५६२ ला हिशोब दोन्हीकडून 41.2 व्होल्टवर जुळतो.

"मग ते नॉन-टचिंग कधी कामाला येतं?" त्याने विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. म्हटलं, याच आकृतीत लोड टॉर्क दे आणि वेग किती घटतो ते काढ. छेद तोच, 8.5. टॉर्ककडून वेगाकडे जाणारा पाथ मात्र शाफ्टवरच संपतो: −1/B, B म्हणजे ब्रेकचा डॅम्पिंग स्थिरांक, इथे −20. करंटच्या लूपचा एकही नोड त्यावर नाही. म्हणून तो लूप अंशात उरतो, आणि पाथला 1 + 5 = 6 ने गुणायचं. −20 × 6 / 8.5, म्हणजे दर न्यूटन-मीटरला 14.1 रेडियन प्रति सेकंदाची घट.

१० सेंमी त्रिज्येच्या ड्रमवर दोरी टाकून तिच्या दोन टोकांच्या स्प्रिंग बॅलन्समध्ये अर्ध्या किलोचा फरक ठेवला. त्याने आधी वहीत लिहिलं: ६६ आरपीएम कमी. मग टॅकोमीटर धरला. ५५८ वरून काटा ४९० च्या जरा वर येऊन थांबला.